गोडबाई, खारटबाई आणि काळा कोट

पितळी बिजागऱ्या, मुठी आणि कड्या बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या ऑफिसात फ्रेंच येणारी एकच बाई होती. तिला सगळे फ्रेंचबाई म्हणत. पॉलिशखान्याची भिंत तिच्या टेबलामागेच होती. दिवसभर चाकं घरघरत आणि काळपट तेलकट धूळ दाराच्या फटीतून आत येऊन कीबोर्डवर बसे. संध्याकाळी हात धुतले तरी बोटांना पितळेचा वास राहायचा. तुझ्या हाताने चहा दिलास की तोंडात नाणं ठेवल्यासारखं वाटतं, असं तिची ताई म्हणायची.

फ्रेंचबाईचं काम थकबाकीचं. माल समुद्रापार जाई, बिल त्याच्या पाठोपाठ जाई, आणि मुदत उलटली की स्मरणपत्रं लिहायची. पहिलं, दुसरं, शेवटचं. यातली चढण ती डोळे मिटूनही चढू शकली असती. पहिल्या पत्रात 'प्रिय बाई' असा मायना, आणि सुरुवातच अशी, की आमच्याकडून काही चूक वा नजरचूक झाली नसेल तर आपली रक्कम अजून पोचलेली दिसत नाही. म्हणजे दोष आधी स्वतःकडे घ्यायचा. दरम्यान पैसे पाठवले असतील तर या पत्राकडे कृपया दुर्लक्ष करा, असं वर सांगायचं. दुसऱ्या पत्रात 'प्रिय' गळतं, नुसतं 'बाई' उरतं. चूक आमची असेल ही शक्यता जाते. आधीच्या पत्राची तारीख येते, 'असे असूनही' येतं, आणि आठ दिवसांची मुदत येते. शेवटचं पत्र वेगळ्याच जातीचं. त्याच्या विषयाच्या ओळीतच 'मीझ आँ दमर' हे शब्द लिहावे लागतात. पैसे भरा, नाहीतर कोर्टात जाऊ, अशी ती रीतसर ताकीद. ती रजिस्टर्ड टपालाने जाते आणि घेणाऱ्याची सही असलेली पोचपावती परत येते. बिलाचा नंबर, मूळ रक्कम, व्याज, वसुलीखर्चाचे ठरीव चाळीस युरो, मुदत आणि कोर्ट, एवढंच त्यात असतं. एक विशेषण जास्त घातलं तर पत्राचं वजन कमी होतं.

गंमत अशी की पत्र जितकं थंड होत जाई तितका शेवटचा नमस्कार लांबत जाई. पहिल्याच्या शेवटी दोनच शब्द, मनापासून आपली. आणि कोर्टाची धमकी देणाऱ्या पत्राच्या शेवटी मात्र, बाई, आमच्या विशेष आदराच्या अभिवादनाचा स्वीकार व्हावा, अशी पूर्ण ओळ. हिशेबनीस म्हणायचे, "फाशी देताना हार घालतात की काय हे लोक?"

इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. मालकांनी मात्र त्यात स्वतःची अक्कल घातली होती. तीन पत्रं तीन माणसांनी लिहिल्यासारखी दिसली पाहिजेत, म्हणजे देणेकऱ्याला वाटतं की प्रकरण वरवर चढतंय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तीन सह्या, तीन ईमेल पत्ते. पहिली ग्राहकसेवेतली बाई. तिचं आडनाव मालकांनी बिस्किटाच्या डब्यावरून उचललं होतं. दुसरी हिशेबखात्यातली. तिसरा दावेखात्यातला एक गृहस्थ. त्याच्या नावापुढे 'वकील' लिहा असा मालकांचा आग्रह होता. खोटा वकील दाखवणं अंगाशी येईल, असं सांगून फ्रेंचबाईने तेवढं टाळलं होतं. ऑफिसात तिघांना गोडबाई, खारटबाई आणि काळा कोट अशी नावं पडली होती. तिघंही फ्रेंचबाईच्याच स्क्रीनवर शेजारीशेजारी उघडी असत. सुरुवातीला तिलाही हसू यायचं. "आज गोडबाईंना सर्दी झालीय," असं ती म्हणायची.

त्या वर्षी एका फ्रेंच बोलणाऱ्या गावातल्या फर्निचर दुरुस्तीच्या कार्यशाळेचं बिल थकलं. कार्यशाळा बहीणभावाची. भाऊ लाकूडकाम करायचा आणि बहीण पॉलिश, मुठी-कड्या आणि सगळा व्यवहार बघायची. पत्रव्यवहार तिच्याशीच. बिल मालकांच्या दृष्टीने किरकोळ होतं. पण किरकोळ बिलं सोडली की मोठे सोकावतात, असं ते म्हणत.

गोडबाईचं पहिलं पत्र गेलं. दुसऱ्याच दिवशी कारागीरबाईचं उत्तर आलं. तिने माफी मागितली होती. एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांची कपाटं त्यांनी दुरुस्त करून दिली, हॉटेलने पैसे दिले नाहीत, म्हणून ही अडचण. थोडा वेळ हवा. आणि खाली लिहिलं होतं, तुमच्या पितळेला हात लावला की कळतं ते कोणीतरी मन लावून घासलंय. भिंतीपलीकडे चाकं घरघरत होती. इतक्या वर्षांत त्या घरघरीबद्दल कोणी बरं बोललेलं फ्रेंचबाईने ऐकलं नव्हतं. तिने गोडबाईच्या सहीने उत्तर दिलं, आणि गरज होती त्यापेक्षा चार ओळी जास्त लिहिल्या.

वेळ द्यायला मालकांनी नकार दिला. खारटबाई पुढे झाली. मग कारागीरबाईने जे केलं ते मालकांच्या हिशेबात नव्हतं. तिने खारटबाईला उत्तरच दिलं नाही. तिने गोडबाईला लिहिलं.

'तुमच्या सहकारी बाईंनी माझं आधीचं पत्र वाचलेलं दिसत नाही. त्यांच्याशी तुम्ही बोलाल का? तुम्ही समजून घेता म्हणून लिहिते. भावाला या थकबाकीची कल्पना नाही. आईच्या घराचे त्याच्या वाट्याचे पैसे त्याने कार्यशाळेत घातलेत आणि सगळी बिलं चुकती आहेत असं मी त्याला सांगत आलेय. मी माझं मोठं पॉलिशयंत्र विकायला काढलंय. ते गेलं की पैसे भरते, मग त्याला मीच सांगेन. तोवर फक्त रजिस्टर्ड काही कार्यशाळेच्या पत्त्यावर पाठवू नका. टपाल सही करून तोच घेतो. पाठवायचंच असेल तर माझ्या घरी पाठवा.' खाली घराचा पत्ता होता.

फ्रेंचबाईने ते वाचलं आणि फार विचार न करता उत्तर लिहिलं. 'मी सहकारी बाईंशी जरूर बोलेन.' पत्र गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याशीच बोलायचं वचन दिलंय. या वेळी हसू आलं नाही.

सगळ्या पत्रांची भाषांतरं मालकांसमोर ठेवायची असा नियम होता. हे पत्र ठेवू नये असं तिला वाटलं. पण लपवलं तर हिशेबनीस विचारणार, म्हणून तिने ठेवलं.

मालक जेवून आले होते. त्यांच्या हातात नमुन्याची पितळी पिन होती आणि तिने ते दात कोरत होते. पत्र वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला. त्यांनी हिशेबनिसांना हाक मारली आणि ते पुन्हा मोठ्याने वाचलं, मध्येमध्ये बायकी आवाज काढून. पिनेला लागलेलं त्यांनी बिलाच्या कोपऱ्याला पुसलं.

"बघा," ते म्हणाले. "नस कुठे आहे ते बाईने स्वतःच दाखवलं. तीन डॉक्टरांना सापडली नसती."

हिशेबनीस हसले. ते वाईट नव्हते. मालक हसले की हसायचं, ही त्यांची जुनी सवय होती.

मालकांची योजना सरळ होती. काळ्या कोटाचं पत्र कार्यशाळेच्याच पत्त्यावर, भावाच्या नावे. आणि ते वाटेत असेपर्यंत गोडबाईने बहिणीला लिहायचं, काळजी करू नका, मी सगळं थांबवलंय. म्हणजे ती बेसावध राहील आणि भावाला आधी काही सांगून ठेवणार नाही. शिवाय भाऊ कार्यशाळेत कोणत्या वेळी असतो, हेही गोडबाईने बोलता बोलता काढून घ्यायचं.

फ्रेंचबाई म्हणाली की ताकीद कार्यशाळेच्याच पत्त्यावर जायला हवी, कारण तेच कंपनीचं नोंदलेलं ठिकाण आहे. घरी पाठवली तर उद्या कोर्टात तिला किंमत राहणार नाही. पण देणं कंपनीचं आहे, भावाचं नाव घालायचं कारण नाही. आणि गोडबाईने असलं काही लिहिणं बरोबर दिसत नाही.

"दिसतंय कोणाला?" मालक म्हणाले. "गोडबाई आहे तरी कोण? बिस्किटाचा डबा."

"ती मला लिहिते, साहेब."

"तुम्हाला नाही लिहीत, बाई. डब्याला लिहिते. तुम्ही पगार घेता." मग ते जरा मवाळ झाले. "बरं, भावाचं नाव राहू द्या. पण गोडबाईचं पत्र आज जाऊ द्या."

"बघते," असं म्हणून ती बाहेर आली. बेसिनजवळ जाऊन तिने हात धुतले. बेसिनच्या कडेला पॉलिशखान्यातल्या माणसांच्या बोटांचे काळे ठसे होते आणि साबणाच्या वडीत पितळेचा भुगा रुतला होता. तिने पुन्हा धुतले. मालकांची किळस यावी हे समजण्यासारखं होतं. ती तिला अधूनमधून यायचीच. आज स्वतःचीच येत होती. मालकांना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. त्या बाईने मन मोकळं करावं अशी ऊब त्या पत्रांत कोणी घातली होती? नस मालकांनी शोधली नव्हती. ती शोधणारी बोटं या बेसिनमध्ये होती.

घरी तिने ताईला सगळं सांगितलं. ताई कपड्यांच्या घड्या करत होती. ताईचा नवरा गेल्यापासून दोघी बहिणी एकत्र राहत होत्या, आणि घरभाडं फ्रेंचबाईच्या पगारातून जाई.

"म्हणजे आता तू तिला लिहिणार, घाबरू नको," ताई म्हणाली.

"सांगितलंय तसं."

"लिहू नको."

"नाही लिहिलं तरी ताकीद जाणारच ना. ती माझ्याच हातची. आणि ती जायला हवीच गं, पैसे देणं आहे ते."

"ताकीद कुत्र्यासारखी असते. भुंकून येते," ताई म्हणाली. "त्या दुसरीचं मला कळत नाही. मांडीवर घेऊन चिमटा काढणारी." तिने उशीचा अभ्रा झटकला. "मला कोणी असं केलं ना, तर पैसे देईन आणि मग त्याच्या दारात थुंकून येईन."

दुसऱ्या दिवशी फ्रेंचबाईने काळ्या कोटाचं पत्र लिहिलं. असं नेटकं पत्र तिने क्वचितच लिहिलं असेल. 'आभारी राहू' नाही, 'विनंती' नाही. बिल, रक्कम, मुदत उलटल्यापासूनचं व्याज, चाळीस युरो, आठ दिवस, आणि तोवर पैसे न आल्यास योग्य त्या कोर्टात दाद मागू. शेवटी विशेष आदराच्या अभिवादनाची पूर्ण ओळ. कंपनीच्या नावे, कार्यशाळेच्या पत्त्यावर. तिने ते स्वतः टपालात नेऊन दिलं. रजिस्टर्ड पत्र तिकडे पोचायला आठवडा तरी लागणार होता.

परत येऊन तिने गोडबाईचा पत्ता उघडला आणि बंद केला. मग स्वतःचा ईमेल उघडला, घरचा. आणि स्वतःचं खरं नाव खाली घालून कारागीरबाईला लिहिलं.

तिने लिहिलं की तुम्हाला आलेली सगळी पत्रं माझीच होती. ग्राहकसेवेतली बाई नाही आणि हिशेबखात्यातलीही नाही. मी सहकारी बाईंशी बोलेन म्हणाले ते खोटं होतं, कारण बोलायला दुसरं कोणी नव्हतं. आज रजिस्टर्ड ताकीद कार्यशाळेच्या पत्त्यावर निघाली आहे. तिच्याखाली दावेखात्यातल्या गृहस्थाची सही असली तरी तीही मीच लिहिली आहे. ती मी थांबवू शकत नाही आणि थांबवणार नाही, कारण पैसे खरंच देणं आहे. ती पोचेपर्यंत तुमच्याकडे काही दिवस आहेत. भावाला ताकिदीकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. हे पत्र मालकांना दाखवलेलं नाही.

शेवटच्या नमस्कारापाशी ती बराच वेळ अडली. छोटा नमस्कार गोडबाईचा होता, लांब नमस्कार काळ्या कोटाचा. शेवटी तिने नुसतं नाव लिहिलं.

गोडबाईचं पत्र गेलं का, असं मालकांनी संध्याकाळी विचारलं. "नाही," ती म्हणाली. त्यांचा फोन वाजला आणि विषय तिथेच राहिला.

पोचपावती परत येण्याआधीच पैसे आले. मूळ रक्कम, व्याज, आणि चाळीस युरोसुद्धा. चाळीस युरो सहसा कोणी भरत नाही, ते घालायचे असतात म्हणून घालतात. हिशेबनिसांनी तो आकडा दोनदा तपासला. पैसे भावाच्या खात्यातून आले होते.

त्याच दुपारी फ्रेंचबाईच्या घरच्या ईमेलवर उत्तर आलं.

'बाई, मी भावाला सांगितलं. एक दिवस तो बोलला नाही, मग त्याने पैसे पाठवले. माझं पॉलिशयंत्र विकायचं नाही असं तो म्हणतो. तुमचे आभार मानावेत असंही तो म्हणतो. मला ते जमत नाही. ज्या बाईला मी आमच्या घरातलं सांगितलं ती नव्हतीच, आणि हे समजल्यापासून मला माझीच पत्रं वाचवत नाहीत. आम्हाला पुन्हा कधी लिहायची वेळ आली तर तिसऱ्या पत्त्यावरून लिहा. त्या गृहस्थाने निदान जवळीक दाखवली नव्हती.'

खाली नाव नव्हतं. अभिवादन नव्हतं. कोर्टात खेचणारेही जी ओळ लिहिल्याशिवाय राहत नाहीत, ती तिने लिहिली नव्हती. फ्रेंचबाईने स्क्रीन खाली-वर करून पाहिला, कुठे राहून गेली असेल म्हणून. ती राहून गेलेली नव्हती. ती लिहिलेली नव्हती.

ताई म्हणाली होती त्याप्रमाणे, पैसे देऊन ती दारात थुंकून गेली होती. दार फ्रेंचबाईचं होतं.

ती उठली आणि मालकांच्या खोलीत गेली. गोडबाई आता बंद करायची, असं सांगायला गेली, आणि मग कारणासकट सगळंच सांगून बसली. आपण खऱ्या नावाने लिहिलं, तिघं एकच असल्याचं कबूल केलं, ताकीद येतेय हे आधी कळवलं. नोकरी जाईल असं तिने गृहीत धरलं होतं. घरभाड्याचं काय करायचं हेही तिने जिना चढताना ठरवलं होतं.

मालक ऐकत होते. त्यांच्या हातातली पिन थांबली. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिथे राग नव्हता. तिथे कौतुक होतं.

"व्याजासकट," ते म्हणाले. "चाळीस युरोसकट. बाई, अहो, ही चौथी आहे."

तिला कळलं नाही.

"गोड, खारट, काळा. आणि खरी," मालक म्हणाले. "खारटबाईनंतर एक पत्र या खरीचं. मी एकटीच आहे हो, मला माफ करा, ताकीद वाटेत आहे. बाई रडून पैसे देतील. ते पत्र मला द्या. नमुना करून ठेवू, नाव तेवढं बदलायचं. तुमच्या पगाराचंही बघतो मी."

दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं आणि त्यात पितळेची धूळ चमकत तरंगत होती. आपण श्वास घेतो तेव्हा ती आत जाते, हे तिला त्या क्षणी इतकं स्पष्ट जाणवलं की तिने श्वास धरून ठेवला. स्वच्छ म्हणावी अशी एकच ओळ तिने या ऑफिसात लिहिली होती. त्या माणसाने तिलाही दात कोरायला घेतलं होतं.

"ते पत्र मिळणार नाही," ती म्हणाली आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः तिच्या टेबलापाशी आले. हसत, चहाचा कप हातात घेऊन. म्हणाले, काल माझंच बोलण्यात काहीतरी चुकलं असेल, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका, सवड झाली की ते पत्र पाठवा. दोन दिवसांनी हिशेबनीस आले. ते उभेच राहिले, बसले नाहीत. मालकांनी सांगूनही पत्र अजून मिळालेलं नाही, आठवडाअखेरपर्यंत पाहिजे, असा निरोप त्यांनी दिला. तिच्याकडे न बघता म्हणाले, "देऊन टाका ना बाई. कशाला ताणताय?" आठवडा संपला आणि तिच्या टेबलावर लेटरहेडवर टाइप केलेला कागद आला. विषय, संदर्भ, मुदत. कंपनीच्या कामासाठी केलेला सर्व पत्रव्यवहार कंपनीची मालमत्ता असून तो न दिल्यास योग्य ती कारवाई करावी लागेल. सर्वांत खाली लिहिलं होतं, 'आपले कृपाभिलाषी'.

तिने तो कागद उभ्याउभ्या वाचला. चढण तिच्या ओळखीची होती. पहिल्यात दोष स्वतःकडे, दुसऱ्यात मुदत, तिसऱ्यात कारवाई आणि नमस्कार. फक्त इतकी वर्षं ती नेहमी लिहिणाऱ्याच्या बाजूला बसली होती.

तिने गोडबाईचा पत्ता बंद केला, मग खारटबाईचा. काळ्या कोटाचा राहू दिला. त्याने कोणाला फसवलं नव्हतं. मग कोरा कागद घेतला आणि हाताने, आपल्या भाषेत, दोन ओळींचा राजीनामा लिहिला. शेवटची तारीख घातली. खाली कोणत्याही अभिवादनाविना नाव लिहिलं. ते तिचं स्वतःचं होतं.

संध्याकाळी घरी तिने चहा केला. ताईने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अजून येतोय," ती म्हणाली.

"येईल काही दिवस," फ्रेंचबाई म्हणाली आणि पुन्हा हात धुवायला गेली.